अधिकबाईंचं शून्य

अधिकबाईंनी भर वर्गात संस्थेच्या अध्यक्षांना शून्य मार्क दिले, ही बातमी आमच्या इमारतीत बाई स्वतः पोचायच्या आधी पोचली. आणली कॉलेजच्या शिपायानं. तो आमच्याच मागच्या विंगमध्ये राहतो आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येतो. डबा नेणं त्याला कमीपणाचं वाटतं, की डब्यात बातम्या मावत नाहीत म्हणून नेत नाही, ते त्यालाच ठाऊक. "साहेब पहिल्या बाकावर बसलेले, आणि बाईंनी फळ्यावर हे एवढं मोठं शून्य काढलं. साहेबांचा चेहरा असा झाला!" म्हणून त्यानं साहेबांचा चेहरा करून दाखवला. तो वॉचमननं पाहिला, वॉचमननं केलेला तळमजल्यानं पाहिला, आणि माझ्या दारापर्यंत येईस्तोवर त्या चेहऱ्यावर कोणीतरी कानाखाली वाजवल्याच्या खुणासुद्धा उमटल्या होत्या.

खरं एवढंच होतं, की शून्य अध्यक्षांना दिलेलं नव्हतं. ते एका गणिताचं उत्तर होतं. आणि ते उत्तर चूक होतं. म्हणजे अफवेपेक्षा खरी गोष्ट जास्त वाईट निघाली. आमच्याकडं हे क्वचित घडतं.

अधिकबाई म्हणजे माझ्या समोरच्या दारातली. तिचं खरं नाव दारावर पितळी अक्षरांत आहे, पण ते वाचायला पोस्टमनशिवाय कोणी थांबत नाही. मी तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली, ती मला ताई म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते, तेव्हा इथंही तसंच चालू द्या. कॉलेजात ती गणित शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवलं तितक्यापुरती ती बाई, सुट्टी लागली की कोणी नाही. अशी ती किती वर्षं होती म्हणाल, तर तिच्या हाताखालून गेलेला एक पोरगा त्याच कॉलेजात कायम होऊन तिला "या मॅडम, बसा" म्हणायला लागला होता. घरी संध्याकाळी क्लास. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला काळा रंग दिलेला, तोच फळा. आत तांदूळ, बाहेर इंटिग्रेशन.

अधिकबाई हे नाव पोरांनी ठेवलं. इंटिग्रेशनचं उत्तर आलं की त्याच्या शेवटी 'अधिक सी' लिहायचं असतं, आणि पोरं ते विसरतात. विसरलं की ही अर्धा मार्क कापणार म्हणजे कापणार. त्यावर दयामाया नाही. समोरच्या दारातून माझ्या कानावर रोज संध्याकाळी तिचा एकच सूर यायचा, "अधिक सी कुठंय? सी कुठं ठेवून आलास?" मला सुरुवातीला वाटायचं, एखादं पोर रोज काहीतरी हरवून येतंय.

तर या वर्षी कॉलेजात एक कायमची जागा निघाली. एकच. आणि वयाची अट अशी, की पुढच्या जाहिरातीला ही त्यात बसणार नव्हती. यंदा झालं तर झालं, नाहीतर जन्मभर तासावर. हे तिनं मला सांगितलं नाही. तिच्या सासूनं सांगितलं, आणि सासूनं सांगितलं म्हणजे इमारतीला कळलं. मी त्यात फक्त थोडी घाई केली.

मुलाखतीआधी सगळ्या उमेदवारांना समितीसमोर, खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, एक पाठ शिकवून दाखवायचा होता. हिनं विषय घेतला तो आपला लाडकाच: सी कधी लिहायचा आणि कधी सोडायचा. आणि तालीम करायला हिला मी सापडले.

"ताई, तुम्ही विद्यार्थी."

"हुशार की ढ?"

"आहात तशाच बसा."

कपाटाच्या दारावर खडू वाजला. "एक्स-वर्ग. याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तो कुठल्या वेगानं बदलतो ते, दोन एक्स. आता एक्स-वर्ग अधिक पाच. याचं?"

"तू सांगशील ते."

"दोन एक्सच. पाच जागचे हलत नाहीत, त्यांना कुठला वेग? आता उलटं चला, म्हणजे इंटिग्रेशन. मी तुम्हाला फक्त दोन एक्स दिलं. मूळ काय होतं?"

"एक्स-वर्ग."

"आणि पाच कुठं गेले?"

"मी नाही घेतले हं!" मी पदर झटकून दाखवला.

"तुम्ही नाही घेतले, पण पुसले गेले. पाच होते, पन्नास होते, की नव्हतेच, हे दोन एक्सवरून कळणारच नाही. म्हणून अधिक सी. सी म्हणजे, ताई, मला माहीत नाही असं कबूल करणं."

माझ्याकडं एक वजनकाटा आहे. रिकामा असतानाच चार किलो दाखवतो. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या काट्यासारखं. काय ते खरं वजन, देव जाणे."

ती एकदम खुलली. "बघा! आणि मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, तीन किलो कमी झाले. ते तीन खरे की खोटे?"

"एकदम खरे! नव्या शिवलेल्या कपड्यांना विचार."

"कारण आधीच्या आकड्यात चार जास्तीचे, नंतरच्या आकड्यातही तेच चार. वजा केलं की चाराला चार गेले. डेफिनेट इंटिग्रल म्हणजे हेच, रेघेखालचं क्षेत्रफळ काढतात ते यानंच. दोन टोकं दिलेली असतात. वरच्या टोकाची किंमत वजा खालच्या टोकाची. एकपासून तीनपर्यंत धरू. एक्स-वर्ग घ्या, नऊ वजा एक, आठ. पाचवाला घ्या, चौदा वजा सहा, पुन्हा आठ. तिथं सी लिहायचा नाही. सोडायचा. बिनधास्त."

मला हे इतकं पटलं, की मी घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, तीन किलो कुठले. असो.

पाठाच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून, खडू स्वतःचा घेऊन गेली. कॉलेज आमच्या मागच्या रस्त्यावरच आहे. सकाळी पाठ, मध्ये जेवणाची सुट्टी, दुपारी मुलाखत. वर्गात खरी पोरं, आणि पहिल्या बाकांवर समिती: प्राचार्य, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, जे चष्म्यातून न बघता चष्म्यावरून बघतात, आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांचा धंदा फरशांचा. अर्ध्या गावाच्या न्हाणीघरात त्यांची फरशी आहे. गणितातलं त्यांना लांबी गुणिले रुंदी एवढं येतं, पण ते मात्र तोंडपाठ येतं.

पाच पुसले जाणं झालं, चौदा वजा सहा झालं, पोरं हसली, सगळं छान. मग ते तज्ज्ञ म्हणाले, "एक उदाहरण मी देऊ?" आणि उठून त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली. आडवी रेघ, तिच्यावर शून्य, एक, दोन. शून्यावर एक उंचीवरून तिरकी खाली येणारी रेघ एकावर जमिनीला टेकते आणि तिथून पुन्हा तशीच वर चढत दोनावर एक उंचीला जाते. सरळ पंखांची चिमणी काढावी तशी. "एक्स वजा एक, उणे आलं तर ते चिन्ह सोडून. शून्यापासून दोनपर्यंत. या रेघेखालचं क्षेत्रफळ."

हे ती झोपेत करील असलं. एकावर तोडायचं, डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं, मग बेरीज. पण ती तोडायला लागली तसे ते म्हणाले, "तोडून सगळेच करतात हो. तुम्ही आत्ताच म्हणालात ना, फक्त दोन टोकं बघायची, मध्ये काय ते विचारायचं नाही? मग न तोडता करा. एका फटक्यात."

आता समोर नोकरी, मागं पोरं, आणि हिचा आवडता विषय. हिनं केलं. डाव्या भागात उंची एक वजा एक्स, त्याचं इंटिग्रेशन एक्स वजा एक्स-वर्गाचा अर्धा. उजव्या भागात उंची एक्स वजा एक, त्याचं एक्स-वर्गाचा अर्धा वजा एक्स. "आणि डेफिनेट आहे, म्हणून सी सोडून देऊ." हे वाक्य ती पोरांकडं वळून, हसून म्हणाली, असं तीच सांगते. वरचं टोक दोन, ते उजव्या भागात, म्हणून उजवं सूत्र. दोनचा वर्ग चार, अर्धा दोन, वजा दोन. शून्य. खालचं टोक शून्य, डावं सूत्र. शून्य. शून्य वजा शून्य.

हिनं शून्य लिहिलं. मोठं. त्याखाली दोन रेघासुद्धा मारल्या.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण ते दोन त्रिकोण दिसतायत ना?"

अध्यक्ष पुढं वाकले. "हे क्षेत्रफळ आहे ना? आणि शून्य? मग एवढ्या जागेला मी फरशी किती पाठवायची?"

ती फळ्याकडं बघत राहिली. फळा तिच्याकडं बघत राहिला. तज्ज्ञ म्हणाले, "दुपारी भेटूच." शिपाई पाणी घेऊन आत आला होता तो नेमका याच वेळी, आणि त्याला जे दिसलं ते म्हणजे अध्यक्ष, शून्य, आणि अध्यक्षांचा चेहरा.

ती घरी आली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. सांत्वनाला, आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही. मी म्हटलं, "अगं, दिलंस ते बरं केलंस त्या फरशीवाल्याला."

"ताई, माझं गणित चुकलं."

"एखादं चुकतं गं."

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "कुठं चुकलं तेच सापडत नाहीये."

आत गेली ती थेट कपाटाच्या दारापाशी. हात धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. मी भात लावला, कारण त्या घरात कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. ती लिहीत होती आणि स्वतःशी बोलत होती, म्हणजे माझ्याशीच, कारण तिथं दुसरं कोणी नव्हतं.

"हे बघा. तोडून केलं तर डावीकडं अर्धा. एक वजा अर्धा, वजा शून्य, अर्धा. उजवीकडं शून्य वजा उणे अर्धा, म्हणजे अर्धा. अर्धा आणि अर्धा एक. त्रिकोणही तेच सांगतात, पाया एक, उंची एक, क्षेत्रफळ अर्धा, असे दोन. उत्तर एक. शंभर टक्के एक."

"मग झालं तर. एक सांग जाऊन."

"आणि न तोडता शून्य! नियम तोच. सूत्रं तीच. दोन्ही सूत्रांचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघितलं मी, बरोबर येतं. मग शून्य कसं येतं?"

"आकृतीच वाकडी असेल त्या चष्मेवाल्याची."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. मी वरणाचं भांडं चढवलं. मला तर आता एकही पटत होतं आणि शून्यही पटत होतं, आणि ती जे बोलेल ते दर वेळी बरोबरच वाटत होतं. पूर्वी मला गणित कळत नाही हे मला ठाऊक होतं. आता कळतंय असं वाटत होतं, आणि ते फारच वाईट.

मग ती अचानक म्हणाली, "सी! मी सी सोडला ना! मीच!" आणि जोरजोरात लिहायला लागली. डाव्या सूत्राला अधिक सी. उजव्या सूत्राला अधिक सी. पोरांचे इतकी वर्षं कापलेले सगळे अर्धे मार्क तिच्या तोंडावर दिसायला लागले. "आता वरचं टोक, शून्य अधिक सी. खालचं टोक, शून्य अधिक सी. वजाबाकी..."

खडू थांबला.

"सीला सी गेले," मी म्हटलं. माझ्या काट्यावरून मला एवढं पाठ झालं होतं.

"पुन्हा शून्य," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "सोडला तरी शून्य, ठेवला तरी शून्य. ताई, मी इतकी वर्षं पोरांना काय शिकवतेय?"

मी चहा टाकला. भात खाली लागला होता तो तसाच ठेवला. घड्याळाकडं तीही बघत नव्हती आणि मीही. तिची मुलाखत तासाभरात होती आणि तिचा हात खडूनं पांढरा, चेहरा त्याहून पांढरा. ती म्हणाली, "जात नाही मी. काय सांगू तिथं? मला माझंच शून्य समजत नाही, असं?"

एवढ्यात दार ढकलून सासूबाई आल्या. आल्या म्हणजे आधी त्यांचा आवाज आला, मग त्या. "त्या वॉचमनला आज मी सोडणार नाही!"

सासूबाईंची मैत्रीण मागच्या विंगमध्ये राहते, आणि तिथली लिफ्ट सकाळपासून बंद होती. आमची तर कायमचीच बंद. इथं आमच्या इमारतीचं थोडं सांगायला हवं. ती उतारावर बांधलेली आहे. पुढची विंग उताराच्या पायथ्याशी, मागची वर, तिचं फाटक वरच्या रस्त्यावर उघडतं. म्हणून आमच्या दुसऱ्या मजल्यावरून एक छोटा पूल निघतो तो थेट मागच्या विंगच्या तळमजल्यावर लागतो. नवीन कुरिअरवाला आला की हमखास चुकतो आणि आम्ही गॅलरीतून मजा बघतो.

"काय झालं आई?" अधिकबाईनं विचारलं, पण नुसतं तोंडानं. लक्ष कपाटावर.

"मी त्याला म्हटलं, बाबा, माझे गुडघे बघ, लिफ्ट चालू कर. तर मला म्हणतो कसा, आजी, तुम्ही राहता पहिल्या मजल्यावर, जायचं पहिल्या मजल्यावर. पहिल्यावरून पहिल्यावर जायला लिफ्ट कशाला? चढण शून्य!" सासूबाई खुर्चीत आदळल्या. "शून्य म्हणे! इथून दुसऱ्यावर चढा तो एक जिना, पूल ओलांडा, तिथल्या तळमजल्यावरून पहिल्यावर चढा तो दुसरा जिना. दोन जिने चढून गेले मी, आणि हा मुडदा म्हणतो शून्य! हे गुडघे काय खोटं बोलतात?"

मी हसायला लागले. पण अधिकबाई हसली नाही. ती सासूच्या गुडघ्यांकडं असं टक लावून बघत होती, की सासूबाईंनी आपोआप हातानं ते झाकले.

"काय गं? सुजलेत का?"

"आई, पुलावर काय होतं?"

"काय होणार? पूल आहे. सपाट. चालायचं."

"सपाट. पण इकडं पाटी दोन, तिकडं पाटी शून्य." ती उठली. "चढत काहीच नाही, उतरत काहीच नाही, आणि आकडा दोनानं खाली पडतो. मग पहिल्यावरून पहिल्यावर. एक वजा एक."

"तेच तर तो मुडदा म्हणतो! आता तूही त्याचीच बाजू घे."

"नाही आई, त्यानं वजाबाकी बरोबरच केली. पण दोन विंगचे आकडे दोन ठिकाणांपासून मोजलेले, आणि त्यानं एकातून दुसरा वजा केला." आणि ती कपाटाच्या दाराकडं गेली ती जवळजवळ धावतच. "एकापाशी, ताई! मी एकापाशी बघितलंच नाही! डावं सूत्र एकापाशी काय देतं? एक वजा अर्धा, अर्धा. उजवं सूत्र त्याच जागी? अर्धा वजा एक, उणे अर्धा. जागा तीच. क्षेत्रफळ तिथं काही कमी झालेलं नाही. आणि माझा आकडा पुलावरच एकानं घसरला!"

"मग सी ठेवलास तेव्हा का नाही सापडलं?" हा प्रश्न मी विचारला. मी! अजून मला आश्चर्य वाटतं.

"कारण मी दोघांना एकच सी दिला. दोन विंगना एकच शून्य धरलं. ते दोन वेगळे सी होते ताई, आणि मी दोघांना एकाच नावानं हाक मारली, मग ते खुशाल एकमेकांना खाऊन बसले." तिनं उजव्या सूत्रापुढं अधिक एक लिहिलं. "डाव्याचा सी शून्य धरला, तर हा उजव्याचा सी. एकच. दुसरा चालणारच नाही, कारण पुलावर दोघांनी जुळायला हवं. आता दोनापाशी, शून्य अधिक एक, एक. वजा शून्य. एक!"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सासूबाईंकडं बघितलं. "लिफ्टचं काय?" त्यांनी विचारलं.

"आणि आता," अधिकबाई म्हणत होती, "आता या जोडलेल्या अख्ख्याला आणखी पाच द्या, पन्नास द्या, दोन्ही टोकांना तेच पन्नास, वजाबाकीत गेले. आता सोडा सी. आता बिनधास्त सोडा. आधी जोड बघायचा, मग सोडायचा." ती माझ्याकडं वळली. "ताई, कळलं?"

मी मान हलवली. खरं तर मला फक्त एवढं कळलं, की ती मुलाखतीला जाणार. माझ्या काट्याचे चार किलो दोन्हीकडं तेच, ते मला समजलं होतं; मग आता ते कधी तेच असतात आणि कधी नसतात, यात मी पुरती घोटाळले. पुढचे कितीतरी दिवस मी वजन केलं नाही.

ती न जेवता गेली. केसात खडूची पूड, आणि तीच झटकायला मी जिन्यात तिच्या मागं धावले तर दोघींच्या मागून सासूबाईंचा आवाज, "त्या वॉचमनला जाता जाता दोन शब्द सुनाव!"

नेमणूक झाली, हे आत्ताच सांगून टाकते. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही, आणि पत्र आलं तेव्हा शिपायानं ते वरच्या वर आम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा लपवण्यासारखंही काही नाही. पण आत मुलाखतीत काय झालं, ते मला दोन तोंडांनी कळलं, तिच्या आणि शिपायाच्या, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं जुळलं.

बसायला सांगायच्या आधीच हिनं विचारलं म्हणे, "सकाळचा फळा पुसला का?" पुसला नव्हता. सगळे पुन्हा त्या वर्गात गेले. तिचं मोठं शून्य, खालच्या दोन रेघांसकट, तसंच होतं. तिनं ते पुसलं नाही. बाजूला जागा करून एकापाशी दोन्ही सूत्रांच्या किमती लिहिल्या, अर्धा आणि उणे अर्धा, मधली फट दाखवली, उजव्याला अधिक एक जोडलं, आणि उत्तर एक आणलं. मग फळ्याच्या डावीकडं तोडून केलेलं, तेही एक. मग त्रिकोण, तेही एक.

तज्ज्ञांनी चष्मा पहिल्यांदाच नाकावर नीट बसवला. "मग उद्या पोरांना काय सांगाल? डेफिनेटमध्ये सी लिहायचा की नाही?"

"नाही लिहायचा सर. पण मध्ये सूत्र बदलत असेल, तर दोन्ही टोकांचा सी एकच आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर जोडावर जुळवून घ्यायचं, नाहीतर सरळ तोडून करायचं."

"म्हणजे सकाळी माझ्यामुळं चुकलात." हे ते हसत म्हणाले, असं शिपायाचं म्हणणं. हिच्या मते ते हसले नाहीत.

"तुम्ही न तोडता करा म्हणालात सर. जोडू नका असं नव्हतं म्हणालात."

प्राचार्य काहीतरी लिहीत होते. अध्यक्ष मात्र अजून पहिल्या बाकावरून त्या दोन आकड्यांकडं आळीपाळीनं बघत होते, शून्याकडं आणि एकाकडं, जसा माणूस एकाच मालाच्या दोन बिलांकडं बघतो. त्यांना यातलं काही समजलं होतं असं शिपायाला वाटत नाही, आणि या बाबतीत शिपायाचं मत धरायला हरकत नाही, कारण त्यालाही काही समजलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बाई, सकाळी तुम्ही शून्य म्हणालात. आता एक म्हणताय. मी चहा होईपर्यंत थांबलो, तर दोन होतील का?"

अधिकबाई म्हणाली, "थांबा ना सर, खुशाल थांबा. आकृती सकाळपासून तेवढीच आहे. चुकले होते ती मी."